‘शेड्यूल केलंय’ म्हणजे ‘पैसे गेले’ नव्हे

दोन वर्षांपूर्वी एका व्हिडिओत मी छाती ठोकून सांगितलं होतं की भाडं, कर्जाचा हप्ता, व्यापाऱ्याचं देणं, सगळं नेटबँकिंगमध्ये तारीख टाकून लावून द्या आणि विसरून जा. त्यातलं ‘लावून द्या’ ठीक आहे. ‘विसरून जा’ हे मी आज परत घेते. कारण माझं स्वतःचं एक पेमेंट ठरल्या तारखेला गेलंच नाही, आणि त्याची किंमत मी अजून मोजतेय.

आधी काय झालं ते सांगते. माझं दुकान एपीएमसी मार्केटपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मसाला मार्केटमधल्या एका पेढीवरून आम्ही मिरी, वेलची, धणे, बदाम असा माल उचलतो आणि पाव किलो, अर्ध्या किलोची पाकिटं भरून विकतो. त्या पेढीशी आमची 21 दिवसांची उधारी. कागदावर काही नाही, सगळं शब्दावर. दिवाळीच्या तोंडावर 1,80,000 रुपयांचं देणं 10 तारखेला द्यायचं होतं. मी 4 तारखेलाच नेटबँकिंगमध्ये जाऊन 10 तारीख टाकून एनईएफटी लावली. स्क्रीनवर हिरवी खूण आली, Scheduled असं लिहून आलं. त्याचा फोटो काढून मुनीमकाकांना पाठवला. झालं काम, असं समजून पाकिटं भरायला लागले.

10 तारखेला दुपारी एक वाजता मुनीमकाकांचा फोन. ‘ताई, पैसे आले नाहीत.’ मी म्हटलं, ‘काका, फोटो पाठवलाय ना!’ तर म्हणाले, ‘फोटो गजराचा आहे ताई. गजर लावला म्हणजे माणूस उठला असं होत नाही. यूटीआर द्या.’

यूटीआर म्हणजे पैसे तुमच्या बँकेतून खरोखर बाहेर पडले की त्या व्यवहाराला मिळणारा नंबर. एनईएफटीचा 16 अक्षरी असतो, आरटीजीएसचा 22 अक्षरी. माझ्याकडे तो नव्हताच. असणार कसा? व्यवहार सकाळी सहाच्या सुमारास फेल झाला होता.

आता यातली गंमत अशी की आदल्या रात्री खात्यात 2,31,000 रुपये होते. मी स्वतः बघितले होते. 1,80,000 द्यायचेत, 2,31,000 आहेत, मग अडचण काय? अडचण ही की त्या सकाळी माझं हे एकच पेमेंट रांगेत नव्हतं. दुकानाच्या कर्जाचा हप्ता 38,500 त्याच दिवशी कापला जातो. तो कापल्यावर राहिले 1,92,500. गाळ्याचं भाडं 45,000. त्याची तारीख पूर्वी 5 होती. ‘सगळं एकाच दिवशी असलं की लक्षात राहतं’ म्हणून मीच त्या महिन्यात ती 10 केली होती. भाडं गेल्यावर राहिले 1,47,500. मग पाळी आली पेढीच्या 1,80,000 ची. 32,500 कमी. बँकेच्या यंत्रणेने नकार दिला आणि पुढे निघून गेली.

आणि खरं दुखणं पुढे आहे. अकराच्या सुमारास आदल्या दिवशीच्या क्यूआर आणि कार्ड मशीनच्या विक्रीचे 62,000 खात्यात जमा झाले. म्हणजे दुपारी एकला मुनीमकाकांचा फोन आला तेव्हा खात्यात 2,09,500 होते. पेमेंट आरामात गेलं असतं. पैसा होता, दिवसही तोच होता, चुकलं होतं ते घड्याळ. बँकेने विचारलं सहा वाजता, आणि माझा पैसा आला अकराला.

मी ताबडतोब हाताने पैसे पाठवले. तासाभरात पेढीला मिळाले. पण दिवाळीसाठी ठरलेल्या भावाने बाजूला काढून ठेवलेले 150 किलो बदाम तोवर दुसऱ्याला गेले होते. शेठ वाईट नाहीत. त्यांनाही पुढे पैसे द्यायचे असतात. मला तोच माल किलोमागे 18 रुपये जास्त देऊन घ्यावा लागला, म्हणजे 2,700 रुपये. ते सोसले असते. पण 21 दिवसांची उधारी 10 दिवसांवर आली, ती अजून तिथेच आहे. अकरा दिवसांचं खेळतं भांडवल गेलं, तेही खात्यात पैसे असताना.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ज्यांच्या धंद्यात पैसा रोज येतो आणि रोज जातो, आणि खात्यात जेमतेम देण्यापुरतीच शिल्लक राहते, त्यांनी व्यापाऱ्याचं मोठं देणं देय तारखेच्या दिवशी आपोआप जाईल असं लावू नये. पगारदार माणसाला हे जमतं. त्याचा पगार 1 तारखेला येतो, हप्ता 5 ला जातो, मध्ये चार दिवस पैसा नुसता पडून असतो. आपल्याकडे पैसा पडून राहत नाही. राहिला तर तो धंदा नीट चालत नाहीये असं समजा!

इथे एक गैरसमज दूर करते, कारण माझ्या बॅचमधली मुलं तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच ‘ऑटो पेमेंट’ म्हणतात. तुम्ही स्वतः बँकेला सांगता की अमुक तारखेला अमुक खात्यात एवढे पैसे पाठव, ही झाली तुमची सूचना. एकदाच पाठवायची असेल तर शेड्यूल ट्रान्सफर, दर महिन्याला असेल तर स्टँडिंग इन्स्ट्रक्शन. दुसरी गोष्ट नाच मँडेट. यात समोरचा, म्हणजे कर्ज देणारी कंपनी वगैरे, तुमच्या परवानगीने तुमच्या खात्यातून पैसे ओढते. तिसरी यूपीआय ऑटोपे किंवा कार्डावरचं वर्गणीसारखं पेमेंट. तिथे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी तुम्हाला सूचना यावी लागते आणि साधारणपणे 15,000 च्या वरच्या रकमेला तुमची वेगळी मंजुरी लागते. आज मी बोलतेय ते मुख्यतः पहिल्याबद्दल. पण लक्षात घ्या, माझ्या उदाहरणात दुसऱ्याने म्हणजे नाचने आधी हात मारला आणि पहिलं उपाशी राहिलं. खातं एकच आहे, रांग एकच आहे.

मला पुष्कळ जण विचारतात, ‘मॅडम, सुट्टी होती म्हणून नसेल ना गेलं?’ पूर्वी हे कारण खरं होतं. आता एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून चोवीस तास, बाराही महिने चालते, दर अर्ध्या तासाला एक बॅच. आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास आहे. नाच सुद्धा 1 ऑगस्ट 2021 पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी चालतं. म्हणजे रस्ता कायम उघडा आहे. पण तुमच्या बँकेची गाडी त्या रस्त्यावर कधी निघणार हे तुमची बँक ठरवते. काही बँका सुट्टीच्या दिवशीची सूचना त्याच दिवशी चालवतात, काही पुढच्या कामाच्या दिवशी. सूचना लावताना त्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरांत हे लिहिलेलं असतं. वाचा ते एकदा. आणि वेळ कळत नसेल तर सोपा प्रयोग करा. स्वतःच्याच दुसऱ्या बँकेतल्या खात्यात 100 रुपये उद्याच्या तारखेने लावा आणि मेसेज किती वाजता येतो ते बघा. मी हा प्रयोग पेमेंट फसल्यावर केला. आधी करायला हवा होता.

शिल्लक हे सगळ्यात मोठं कारण, पण शिल्लक म्हणजे कुठली शिल्लक हेही बघायला हवं. ॲपवर मोठ्या अक्षरांत दिसणारा आकडा आणि वापरता येणारी रक्कम यांत फरक असू शकतो. चेक भरलाय पण वटलेला नाही, तर ती रक्कम वापरता येत नाही. कॅश क्रेडिट खातं असेल तर आणखी एक भानगड असते. मंजूर लिमिट पाच लाख असली तरी प्रत्यक्षात किती उचलता येईल हे तुमच्या मालाच्या साठ्यावरून ठरतं, आणि त्यासाठी दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावं लागतं. ते द्यायचं राहिलं की बँक उचलण्याची मर्यादा खाली आणू शकते. तुम्ही मात्र पाच लाखाच्या भरवशावर सूचना लावून बसलेले.

आणि गेल्या काही वर्षांत दुकानदारांच्या मागे लागलेलं नवं खेकटं म्हणजे होल्ड. कोणीतरी अनोळखी गिऱ्हाईक तुमच्या क्यूआरवर 3,000 रुपये देऊन माल घेऊन जातं. तो पैसा सायबर फसवणुकीतला निघाला, ज्याची फसवणूक झाली त्याने 1930 वर तक्रार केली, की पैशाचा माग काढत काढत तुमच्या खात्यातले तेवढे पैसे गोठवले जातात. काही वेळा सगळं खातंच थांबतं. पैसे आत येत राहतात, बाहेर जात नाहीत. अशा वेळी तुमच्या सूचनेला ‘शिल्लक अपुरी’ किंवा ‘खातं गोठवलेलं’ असं उत्तर मिळतं. यावर घरबसल्या उपाय नाही. शाखेत जाऊन तक्रारीचा क्रमांक आणि कुठल्या पोलिसांकडून आलंय ते लेखी घ्यायचं, त्या दिवशीच्या विक्रीचं बिल दाखवायचं आणि पाठपुरावा करायचा. केवायसीची मुदत संपली तरी बँक खात्यातून पैसे जाणं रोखू शकते. पण त्यावर निदान कागद दिले की मार्ग निघतो.

आता दुसरं कारण, जे भागीदारीत धंदा सुरू करणाऱ्यांना हमखास नडतं. माझ्या बॅचमधल्या दोघी मैत्रिणींनी तुर्भ्याला घरगुती चटण्या, मसाल्याचा छोटा उद्योग सुरू केला. चालू खातं दोघींच्या सहीचं. अशा खात्यात नेटबँकिंगलाही दोन माणसं लागतात. एकीने पेमेंट तयार करायचं, दुसरीने मंजूर करायचं. पहिलीने बरणीवाल्याचं पेमेंट 15 तारखेला लावलं. तिच्या स्क्रीनवर ‘यशस्वीरीत्या सादर’ असं आलं. सादर! मंजूर नव्हे. दुसरी तेव्हा गावी लग्नात. तिच्या लॉगिनमध्ये ते Pending म्हणून पडून राहिलं आणि 15 तारीख उलटल्यावर आपोआप रद्द झालं. खात्यात पैसे भरपूर होते. बँकेची चूक शून्य. फेल झाल्याचा मेसेजही आला नाही, कारण यंत्रणेच्या दृष्टीने ते फेल झालंच नव्हतं, ते कधी सुरूच झालं नव्हतं. तुमचं खातं ‘दोघांपैकी कोणीही’ प्रकारचं आहे की ‘दोघांनी मिळून’, हे खातं उघडतानाच बघून घ्या. आणि दुसऱ्या भागीदाराने मंजुरी दिल्याशिवाय समोरच्याला ‘लावलंय’ असं सांगू नका.

तिसरं कारण पैसे जिथे जायचे तिथलं. सूचना तुम्ही आज लावता, पण समोरच्याचं खातं त्या तारखेलाही तसंच असेल याची खात्री काय? आपल्याकडे हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. जुने आयएफएससी कोड बराच काळ चालू ठेवले होते, आणि मग 1 मार्च 2021 पासून ते बंद झाले. BKDN ने सुरू होणारा कोड टाकून ज्यांनी वर्ष-दोन वर्षांपूर्वी महिन्याची सूचना लावली होती, त्यांची ती सूचना त्या तारखेनंतर निकामी झाली. सिंडिकेट बँकेच्या SYNB वाल्या कोडचं 1 जुलै 2021 पासून तेच झालं, कारण ती बँक कॅनरा बँकेत गेली होती. बँकेने जाहिराती दिल्या, मेसेज पाठवले. पण ते कोणाला? आपल्या खातेदारांना. तुमचं खातं तिथे नव्हतं, तुम्ही फक्त तिथे पैसे पाठवत होता. तुम्हाला कळवणार तुमचा व्यापारी, आणि तो कळवायला विसरला की संपलं.

सहकारी बँकांच्या बाबतीत तर आपल्याकडच्या लोकांनी याहून कडू घोट घेतलाय. 23 सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त 1,000 रुपये काढता येत होते. ज्यांचं दुकानाचं एकमेव खातं तिथे होतं त्यांच्या हप्त्यांचं आणि देण्यांचं काय झालं असेल, याची कल्पना करा. खात्यात लाखो रुपये दिसत होते आणि त्यातून काही जात नव्हतं. 13 फेब्रुवारी 2025 ला न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, पुढे 4 ऑगस्ट 2025 पासून ती सारस्वत बँकेत विलीन झाली. मी सहकारी बँकांच्या विरोधात नाही, माझ्या बाबांचं अर्धं आयुष्य तिथल्या काउंटरवर गेलंय आणि कर्जाला उभं करणारीही तीच होती. पण सगळी देणी एकाच खात्याला टांगून ठेवणं मला पटत नाही. दुसऱ्या बँकेत एक चालू खातं असावं आणि त्यात महिन्याच्या ठरलेल्या देण्याइतके पैसे असावेत.

बाकीची कारणं पटकन सांगते, कारण ती एकदा कळली की पुन्हा नडत नाहीत. नवीन खातं जोडल्यावर बऱ्याच बँका पहिले काही तास किंवा एक दिवस मोठी रक्कम जाऊ देत नाहीत, त्यामुळे आज नाव जोडून उद्या पहाटेचं मोठं पेमेंट लावू नका. तुमची रोजची मर्यादा ज्या दिवशी पैसे जातात त्या दिवशी मोजली जाते, लावलेल्या दिवशी नाही. शिवाय आरटीजीएसला किमान दोन लाख लागतात. आणि महिन्याच्या सूचनेला शेवटची तारीख किंवा हप्त्यांची संख्या असते, हे लोक विसरतात. गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स करार 11 महिन्यांचा, म्हणून तुम्ही 11 हप्ते टाकलेले असतात. करार नव्याने होतो, भाडं वाढतं, पण सूचना अकराव्या महिन्यालाच संपलेली असते. बाराव्या महिन्यात मालकाचा फोन येतो. यात ना शिल्लक कमी, ना काही बिघाड.

आता, पेमेंट गेलं नाही हे कळल्यावर काय करायचं? माझ्याकडून एक चूक झाली नाही हे नशीब, म्हणून ती सांगते. घाबरून लगेच पुन्हा पैसे पाठवू नका. काही बँका फेल झालेली स्टँडिंग इन्स्ट्रक्शन त्याच दिवशी संध्याकाळी किंवा पुढचे एक-दोन दिवस स्वतःहून पुन्हा चालवून बघतात. आमच्या ओळखीच्या एका पॅकिंग सामानवाल्याने सकाळी फेल बघितलं, दुपारी हाताने 42,000 पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बँकेने जुनी सूचना चालवून आणखी 42,000 पाठवले. शिल्लक आली होती ना! ते परत मिळवायला त्याला आठवडा गेला, आणि तेही समोरचा सज्जन होता म्हणून. त्यामुळे आधी खात्याचा उतारा बघा, पैसे वजा झालेत का. मग शेड्यूल व्यवहारांच्या यादीत जा, त्या व्यवहारापुढे काय लिहिलंय ते वाचा. Failed असेल तर कारणही तिथेच असतं. Pending असेल तर मंजुरी बाकी आहे का बघा. ती जुनी सूचना रद्द करा, रद्द झाल्याचं दिसू द्या, आणि मगच हाताने पाठवा.

उताऱ्यात पैसे वजा झालेत, यूटीआर आहे, पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर मात्र तो वेगळा मामला आहे. तिथे बाजू तुमची आहे. एनईएफटीत पैसे जमा होऊ शकले नाहीत तर बॅच सेटल झाल्यापासून दोन तासांत समोरच्या बँकेने ते परत करायचे असतात. उशीर केला तर रेपो दराच्या वर दोन टक्के अशा दराने व्याज द्यावं लागतं. यूटीआर देऊन बँकेत लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, फी लागत नाही. पण शिल्लक कमी होती म्हणून सूचना चाललीच नाही, तर हा नियम तुमच्या मदतीला येत नाही. उलट सूचना फसल्याबद्दल बँक तुमच्याकडूनच आकार घेऊ शकते. माझ्याकडून घेतला. मी शाखेत भांडायला गेले होते, तिथल्या मुलीने शांतपणे मला माझाच उतारा वेळेसकट दाखवला. मी गप्प बसून परत आले.

हो, आणि फेल झाल्याचा मेसेज मला का आला नाही? आला होता. सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी. बाबांच्या फोनवर. खातं उघडताना त्यांचा नंबर दिला होता, तो बदलायचा राहून गेला. बाबा सकाळी चालायला गेलेले, आणि मेसेज इंग्रजीत, कर्जाच्या जाहिरातींच्या मधोमध. तुमच्या धंद्याच्या खात्याला कुठला नंबर जोडलाय ते आज बघा. जो माणूस पेमेंट लावतो त्याच्याच फोनवर मेसेज यायला हवा.

आता मी काय करते? महिन्याची ठरलेली, न बदलणारी देणी, म्हणजे हप्ता, भाडं, इंटरनेट, ही दुसऱ्या एका खात्यातून जातात. त्या खात्यात दर सोमवारी मी थोडे थोडे पैसे टाकते, म्हणजे 10 तारखेला मुख्य खात्यावर धाड पडत नाही. भाडं पुन्हा 5 तारखेला नेलं. पेढीचं देणं मी अजूनही शेड्यूल करते, पण देय तारखेच्या दोन दिवस आधीच्या तारखेला. ते फसलं तरी माझ्या हातात दोन दिवस उरतात. त्या दिवशी साडेदहाला, पहिला चहा येतो तेव्हा, उतारा उघडून यूटीआर बघते. आणि 1,80,000 द्यायचे असतील तर आदल्या रात्री खात्यात 1,80,000 आहेत का हे बघत नाही. सकाळी त्याच्या आधी काय काय कापलं जाणार ते वजा करून बघते. उद्या येणारे क्यूआरचे पैसे त्या हिशेबात धरतच नाही.

‘मग दोन दिवस आधी पैसे देऊन आपण आपलंच भांडवल अडकवतो ना?’ हा प्रश्न बॅचमध्ये एका मुलाने विचारला, आणि प्रश्न बरोबर आहे. 1,80,000 रुपयांचे दोन दिवस. वर्षाला 12 टक्के व्याज धरलं तरी दोन दिवसांचे 118 रुपये होतात. बदामावर मी 2,700 जास्त मोजले होते, आणि उधारीचे अकरा दिवस गेले ते वेगळेच.

मुनीमकाकांना आता मी शेड्यूलचा फोटो पाठवत नाही. पैसे गेले की यूटीआर पाठवते, तोही न मागता. परवा त्यांनी उत्तरात पहिल्यांदा नुसतं ‘मिळाले’ न लिहिता ‘मिळाले ताई, वेलची नवीन आलीये, बघून जा’ असं लिहिलं. 21 दिवसांचं मी अजून विचारलेलं नाही. दिवाळीपर्यंत विचारीन म्हणतेय.